कार्डावरचा मालक कोण?

गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये प्लास्टिव्हिजन भरले, की बाळकुम-कोलशेतपासून वागळे इस्टेटपर्यंतचे मोल्डिंगवाले एक दिवस गाळा कामगारांवर सोपवून तिकडे जातात. परतताना पिशवीत कॅटलॉग असतात आणि खिशात रबर लावलेला व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा. कॅटलॉग आठवड्याभरात रद्दीत जातात. गठ्ठा मात्र टेबलाच्या खणात वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि एक दिवस त्यातलेच एखादे कार्ड बाहेर काढून मालक लाखांचा ॲडव्हान्स पाठवायला बसतो. तोवर ते कार्ड त्याने नीट वाचलेलेही नसते.

यात चिनी कार्ड हमखास असते. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला चिनी. आपला माणूस इंग्रजी बाजू वाचतो आणि मागची नक्षी समजून सोडून देतो. खरे तर वाचण्यासारखे जे असते ते त्या मागच्या बाजूलाच असते.

चीनमध्ये कंपनीची अधिकृत नोंद चिनी नावाने होते. इंग्रजी नाव कंपनी स्वतःच ठरवते. ते सुटसुटीत असू शकते, भारदस्त असू शकते, आणि मूळ नावाशी त्याचा फारसा संबंध नसला तरी छापायला कोणी अडवत नाही. चिनी नावाची मांडणी मात्र ठरावीक असते: आधी गावाचे किंवा प्रांताचे नाव, मग कंपनीचे खास नाव, मग धंदा आणि शेवटी कंपनीचा प्रकार. गठ्ठ्यातली पाच-सहा चिनी कार्डे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. बहुतेकांवर नावाची शेवटची चार अक्षरे तीच दिसतील. त्यांचा उच्चार साधारण ‘यौश्येन गुंगस’, म्हणजे आपल्याकडच्या ‘लिमिटेड’चा भाऊबंद. भाषा न येणाऱ्यालाही ही चार चित्रे ओळखता येतात. खरी गोष्ट त्यांच्या अलीकडच्या अक्षरांत असते, कारण तिथे धंदा लिहिलेला असतो.

समजा, बाळकुमच्या एका गाळेवाल्याला इंजेक्शन मोल्डिंगचे मशीन हवे आहे. कार्ड निंगबोचे आहे. ते शहर या मशीनसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून विश्वासही बसतो. इंग्रजी बाजूवर ‘मशिनरी इंडस्ट्रियल’ असे काहीसे छापलेले आहे आणि खाली कारखान्याच्या शेडचे चित्र. मागच्या बाजूला मात्र त्या चार अक्षरांच्या आधीची दोन अक्षरे आहेत ‘माओयी’, म्हणजे व्यापार. स्टॉलवर उभा असलेला माणूस मशीन बनवत नाही, दुसऱ्याकडून घेऊन विकतो. मशीन वीस लाखांचे आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे 30 टक्के आधी, 70 टक्के माल जहाजावर चढण्यापूर्वी, असे ठरले तर सहा लाख रुपये अशा कंपनीकडे जातात जिच्याकडे ना लेथ आहे ना फौंड्री. वर्षभराने स्क्रू किंवा बॅरल गेला की ती म्हणते, कारखान्याला विचारून सांगतो. कारखाना कोणता, ते गाळेवाल्याला ठाऊक नसते. त्याने त्या कारखान्याशी कधी करारच केलेला नसतो.

व्यापारी असणे हा गुन्हा नव्हे. चांगला दलाल चार कारखाने पाहून त्यातला बरा निवडतो, भाषेची अडचण सोडवतो, छोट्या ऑर्डरलाही कारखान्याकडून वेळ मिळवून देतो. त्याचे कमिशन रास्त असते. खटकते ते एवढेच, की त्याने एका लिपीत स्वतःला व्यापारी म्हटले आणि दुसऱ्या लिपीत कारखानदार. ज्याला ती लिपी वाचता येते त्याच्यासमोर तो खरे बोलला, ज्याला येत नाही त्याच्यासमोर नाही.

तपासणे कठीण नाही. पैसे पाठवण्याआधी त्या कंपनीचा व्यवसाय परवाना मागवायचा. त्यावर चिनी नाव, 18 अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक, कायदेशीर प्रतिनिधीचे नाव आणि कोणता धंदा करायची मुभा आहे, हे सगळे असते. तो क्रमांक चीन सरकारच्या कंपनी-नोंदींच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मग प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरच्या बँक खात्याचे नाव त्याच्याशी जुळवायचे. हाँगकाँगच्या वेगळ्याच नावाच्या कंपनीचे खाते निघाले, तर त्या दोघांचा संबंध लेखी मागायचा. खाते एखाद्या माणसाच्या वैयक्तिक नावावर असेल, तर तिथेच थांबायचे. परवाना द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर तेही एक उत्तरच समजावे.

आता गठ्ठ्यातली आपल्याकडची कार्डे. इथे लिपीचा प्रश्न कमी, शेपटाचा जास्त. ‘इंडस्ट्रीज’, ‘एंटरप्रायझेस’, ‘ग्रुप’, ‘इंटरनॅशनल’, ‘अँड कंपनी’ यांतल्या एकाही शब्दाने कायद्याच्या दृष्टीने कंपनी होत नाही. एकट्या माणसाची प्रोप्रायटरी असली तरी ती ‘अँड कंपनी’ असू शकते. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि ‘लिमिटेड’ हे मात्र कंपनी कायद्याने ठरवून दिलेले शब्द आहेत. नोंदणी नसताना ते वापरले, तर 2013च्या कायद्याच्या कलम 453नुसार रोज पाचशे ते दोन हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘एलएलपी’ हे शेपूटही तसेच, नोंदणी करूनच लावायचे.

ओळखायची एक साधी खूण आहे. कार्डावर किंवा बिलावर जीएसटी क्रमांक असेल, तर त्याचे सहावे चिन्ह पाहावे. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढची दहा चिन्हे पॅनची, आणि पॅनचे चौथे अक्षर धारक कोण ते सांगते. तिथे ‘सी’ असेल तर कंपनी, ‘पी’ असेल तर एक व्यक्ती, ‘एफ’ असेल तर भागीदारी फर्म. ‘एफ’ एलएलपीलाही असते, त्यामुळे त्या दोघांतला फरक या खुणेने कळत नाही. तेवढ्यासाठी पूर्ण नाव वाचावे लागते.

गंमत अशी, की लोकांना ‘प्रा. लि.’ दिसले की जास्त भरवसा वाटतो. उधारीवर माल देणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर चित्र जवळजवळ उलटे आहे. ‘पी’वाल्याने पैसे बुडवले तर तो स्वतः जबाबदार, त्याचे घर, त्याची जमीन सगळे त्यात आले. भागीदारी फर्म असेल तर प्रत्येक भागीदार जबाबदार. प्रायव्हेट लिमिटेडचे देणे मात्र कंपनीचे. मालकाने स्वतः हमी लिहून दिली नसेल, तर कंपनी रिकामी झाली की उधार देणाऱ्याचे हात रिकामे. भांडवलाचे म्हणाल तर खासगी कंपनीसाठी किमान एक लाखाची अट होती, ती 2015 साली काढून टाकली गेली. तेव्हा ‘प्रा. लि.’ हे शेपूट मालकाच्या ताकदीबद्दल काहीच सांगत नाही. त्याने जबाबदारीला कुठे कुंपण घातले आहे, एवढे सांगते.

कंपनीच्या पत्रांवर, बिलांवर आणि नोटिसांवर नाव, नोंदणीकृत पत्ता आणि 21 चिन्हांचा नोंदणी क्रमांक छापलाच पाहिजे, असे कलम 12 म्हणते. कार्यालयाबाहेरच्या पाटीवर नाव त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या अक्षरांतही हवे, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे ज्याला जी लिपी येते त्याला कंपनीचे नाव वाचता यावे, हा विचार कायद्याने केला आहे. व्हिजिटिंग कार्ड मात्र या यादीत नावानिशी नाही. म्हणून मोकळीक सगळ्यात जास्त तिथेच.

आणि मग पदे. प्रोप्रायटरीत डायरेक्टर नसतो, तरी कार्डावर ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ असतो. ‘सीईओ’ तर आता दोन कामगारांच्या गाळ्यातही भेटतो. यातला बराचसा भाग निरुपद्रवी आहे. सोयरीक जुळवताना उपयोगी पडतो, बँकेत खुर्ची मिळते. विमा कंपन्या आणि बँका आपल्या विक्रीच्या पोरांना ‘असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट’ करतात, पगारवाढीऐवजी कार्डच वाढवून देतात. त्या पोराला हसण्यात अर्थ नाही. पद त्याने मागितलेले नसते.

पण तोच पोरगा प्रदर्शनात स्टॉलवर उभा राहतो आणि गाळेवाल्याला म्हणतो, दोन वर्षे वॉरंटी माझ्यावर सोडा, मोल्डचा पहिला ट्रायल फुकट. महिनाभराने कंपनी कळवते, त्याला तसे सांगायचा अधिकारच नव्हता. इथे 1872चा करार कायदा कंपनीला सहज सुटू देत नाही. कलम 237 म्हणते, की मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने समोरच्याला असे वाटू दिले असेल की आपल्या माणसाला हा अधिकार आहे, तर अधिकाराबाहेरच्या त्या बोलण्यानेही मालक बांधला जातो. मोठे पद छापून माणसाला स्टॉलवर उभे करणे, हे असे वागणे आहे की नाही, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. नुसत्या कार्डावर खटला जिंकता येईलच असे नाही. म्हणून शहाणा गाळेवाला त्याच संध्याकाळी एक ईमेल टाकतो: आज स्टॉलवर आपण अमुक अमुक कबूल केलेत, कृपया कळवावे. उत्तर कंपनीच्या पत्त्यावरून आले की झाले. आले नाही, तर वॉरंटी नाही असे धरून चालायचे. पद फुगवण्याचा फायदा कंपनी घेते, तर त्या पदाचे ओझेही तिनेच उचलले पाहिजे. पोराच्या डोक्यावर ते टाकणे हा जास्त मोठा अप्रामाणिकपणा आहे.

सगळ्यात अवघड कार्ड घरातले असते. ठाण्याच्या कितीतरी जुन्या फर्ममध्ये वडील निवृत्त होतात, मुलगा धंदा पाहतो, पण कार्डावर वडिलांचे नाव ‘पार्टनर’ म्हणून तसेच राहते. कारण बाजारात पत त्यांची आहे. कच्चा माल देणारा व्यापारी अजून ‘काकांचा मुलगा’ म्हणूनच उधार देतो. काकांनाही ते ठाऊक असते, आणि आवडतेही. भागीदारी कायद्याच्या कलम 28ने या प्रकाराचा विचार 1932 सालीच केला आहे. जो माणूस जाणूनबुजून आपल्याला भागीदार म्हणून दाखवू देतो, तो त्या भरवशावर उधार देणाऱ्याला भागीदारासारखाच जबाबदार असतो. मग काकांचा हिस्सा शून्य असो की त्यांनी दहा वर्षांत गाळ्यात पाऊल टाकलेले नसो. आणि निवृत्तीची जाहीर सूचना दिली नसेल, तर बाहेरच्या लोकांपुरती त्यांची जबाबदारी एरवीही चालूच राहते. हा कायदा काकांना जरा कठोर वाटेल. उधार देणाऱ्याला तो वाटणार नाही, कारण त्याने विश्वास त्या नावावरच टाकला होता.

काका गेले, की त्याच कलमाचे दुसरे पोटकलम येते. फर्मचे जुने नाव किंवा त्या नावातले काकांचे नाव पुढे चालू ठेवले, तर तेवढ्याने त्यांची मालमत्ता नव्या कर्जाला बांधली जात नाही. तेव्हा दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव असायला काही हरकत नाही. कार्डावर मात्र हयात माणसाच्या नावापुढे ‘पार्टनर’ छापायचे असेल, तर आधी त्याला विचारावे, आणि कोणत्या रकमेपर्यंतच्या उधारीसाठी विचारतो आहोत तेही सांगावे.