‘मात्र’ या एका शब्दापाशी



नेरुळला आमच्या शेजारचा एक तरुण शनिवार-रविवार मोबाईल बंद ठेवून कर्जतकडच्या एका गावी राहून आला. ओढ्याकाठी दगडावर बसलेला आपला फोटो त्याने मला दाखवला. खाली लिहिले होते, “सगळे स्क्रीनमध्ये अडकलेत, मी मात्र जगून आलो.” म्हणाला, “बुवा, मित्र म्हणतात यात तोरा दिसतो. काय चुकलं?”

मी म्हणालो, “फोटो छान आहे. तोरा त्या ‘मात्र’मध्ये बसलाय.”

विचार करा, माऊली. आपण एकादशी धरतो. “आज माझी एकादशी आहे” एवढे सांगितले, तर वाढणाऱ्याची सोय होते. “लोक खात सुटलेत, आम्ही मात्र निराहार” म्हटले, की उपवास पोटाचा राहिला आणि अहंकाराचे पारणे झाले. सांगण्यात दोष नाही. आपली उंची दुसऱ्याच्या खड्ड्यावरून मोजण्यात दोष आहे.

ही चूक मीही केली आहे. एकदा कीर्तनात माझ्या पायी वाऱ्यांची संख्या सांगून न येणाऱ्यांना टोचून बोललो. नंतर एक माऊली पाया पडून म्हणाली, “महाराज, मालक वारीला येतात, म्हणून गुरं मी बघते.” माझ्या वारीमागेही असे कोणी घरी थांबले होतेच. ते मला व्यासपीठावर आठवले नाही.

म्हणून त्या मुलाला विचारले, “दोन दिवस तुझ्या आईची औषधं, घरचे फोन कोणी पाहिले?” म्हणाला, “दादाने.” म्हणजे दादाचा फोन चालू होता, म्हणून याचा बंद राहू शकला. परिचारिका, रिक्षावाला, घरपोच सामान आणणारा पोरगा यांना फोन बंद करणे परवडत नाही. ते अडकलेले नाहीत, कामावर आहेत.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवायचे असतात. भोंगा साऱ्या गावासाठी एकच. तिथे ‘मी मात्र’ म्हणायला जागा फार कमी उरते.

मुलाने पुन्हा लिहिले, “मी मोबाईलचा गुलाम, महापापी.” मी हसलो. ही नम्रताही टाळ्या मागणारीच. शेवटी त्याने घडले तेवढेच लिहिले :

“दोन दिवस फोन बंद होता. पहिल्या रात्री हात सारखा खिशाकडे जायचा. घरचं दादाने सांभाळलं. ज्यांचे फोन राहिले, त्यांना आज करतो.”

आपणही असे काही लिहाल, तेव्हा ज्याला फोन बंद करता आला नाही, त्याच्यासमोर ते मोठ्याने वाचून पाहा. वाचताना जीभ अडखळली, तर तिथे कुठेतरी ‘मात्र’ लपला आहे.