दुखत नव्हतं म्हणून ड्रॉप बंद केले?

ये, बस. रडू नकोस, आधी ऐक. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस ना तू? वॉर्डात दुसऱ्यांच्या आज्यांच्या डोळ्यांत औषध घालताना घड्याळ बघतेस आणि मेहकरकडे स्वतःच्या घरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मायला सांगून येतेस, "आठवलं की टाकत जा." हे कोणत्या पुस्तकात वाचलंस? मी तर शिकवलेलं नाही.

ती बाटली दाखव इकडे. बघ हे. तोंडाला सोयाबीनचं कुटार चिकटलंय. झाकण कुठंय? कोनाड्यात तंबाखूच्या डबीशेजारी ठेवली होती म्हणतेस. आणि ही दुसरी बाटली तुझ्या बापाच्या ऑपरेशनची, गेल्या वर्षीची. "औषधाचं नाव एकच होतं, मॅडम." नाव एकच असेल गं, पण बाटली एकदा उघडली की महिनाभरात फेकायची असते. एकाची बाटली दुसऱ्याच्या डोळ्याला लावायची नाही, हे तर पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतं.

आता तुझ्या मायचा कागद वाच, मोठ्याने. दोन औषधं आहेत. एक पाण्यासारखं स्वच्छ, ते मॉक्सिफ्लॉक्सासिन, जंतू मारणारं, दिवसातून चार वेळा, सात दिवस. दुसरं दुधाळ, ते प्रेडनिसोलोन, सूज उतरवणारं स्टिरॉइड. पहिल्या आठवड्यात सहा वेळा, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार, असं उतरत सहाव्या आठवड्यात दिवसातून एकदा, मग बंद. हा कागद फक्त तुझ्या मायचा. शेजारणीच्या कागदावर वेगळं असेल, कुणाला दोन्ही औषधं एकाच बाटलीत मिळतात, कुणाला तिसरं औषधही असतं. ज्याचा कागद त्यानेच पाळायचा.

मग वेळा का लिहून दिल्या नाहीत? घरात सगळे सहाला उठतात. सकाळी ६ वाजता स्वच्छ औषध, ६ वाजून १० मिनिटांनी दुधाळ. ९ वाजता एकटं दुधाळ. दुपारी १२ ला स्वच्छ, १२.१० ला दुधाळ. ३ ला दुधाळ. संध्याकाळी ६ ला स्वच्छ, ६.१० ला दुधाळ. रात्री ९ ला स्वच्छ, ९.१० ला दुधाळ, मग डोळ्यावर ते प्लास्टिकचं कवच चिकटवून झोप. एवढं वहीच्या पानावर लिहून भिंतीला लावलं असतंस, समोर खुणा करायला चौकोन आखले असतेस, तर तुझ्या सातवीतल्या भावानेही हे काम नीट केलं असतं. मधली दहा मिनिटं कशाला? लगोलग टाकलं तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन बाहेर काढतो. आणि दुधाळ बाटली हलवलीस का? नाही ना! औषध तळाशी बसतं. न हलवता टाकलं तर आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटी उरतो तो गाळ.

"मॅडम, माय दोन-तीन थेंब टाकायची, एक बाहेर पडला तर?" डोळ्यात एका थेंबापुरतीही धड जागा नसते, पहिल्याच थेंबातला बराचसा गालावर येतो. दुसरा, तिसरा म्हणजे औषधाची नासाडी. हात साबणाने धुवायचे, स्वच्छ फडक्याला पुसायचे, मान मागे, खालची पापणी हलकेच खाली ओढायची, त्या खोबणीत एक थेंब. बाटलीचं तोंड पापणीला, केसाला, बोटाला लागता कामा नये. मग डोळा अलगद मिटायचा, मिचकावायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरायचा. नुसता कोपरा हं, बुबुळावर बोट नको. घशात कडू लागलं तर समज, औषध डोळ्यात राहण्याऐवजी नाकात उतरलं.

आता तुझ्या गुन्ह्याकडे येऊ. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी माय म्हणाली, दुखत नाही, लख्ख दिसतं. तू फोनवर म्हणालीस, मग राहू दे. सहाव्या दिवसापासून दोन्ही औषधं बंद. आठव्या दिवशी डोळा लाल, नजर धूसर. आणि तुम्ही काय केलं? सोयाबीन काढून पडलं होतं, ते आधी विकलं. दोन दिवस घालवून दहाव्या दिवशी डॉक्टरांकडे. अगं, दुखत नव्हतं ते स्टिरॉइडमुळेच! ते आतली सूज दाबून धरतं. एकदम काढून घेतलं की सूज उलटून येते, म्हणून तर आठवड्यागणिक एकेक वेळ कमी करतात. आणि सूज परत येईल या भीतीने मेडिकलमधून बाटल्या आणून महिनोन् महिने टाकत बसलीस तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो. मनाने कमी नाही, मनाने जास्तही नाही.

तुझ्या मायची नुसती सूज निघाली, पू नव्हता. नशीब म्हण. कारण घरी बसून हे ओळखता येत नाही, आणि जंतू शिरले असते तर ते दोन दिवसच महागात पडले असते. हा संसर्ग बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात दिसतो, कधी उशिराही. डोळ्याच्या आतल्या पोकळीत पू झाला की बाहेरून टाकलेले थेंब तिथे पुरेसे पोचत नाहीत, आत सुईने औषध सोडावं लागतं, आणि तिथे हिशेब तासांचा असतो. "पण दुखत नव्हतं, मॅडम," असं परत म्हणू नकोस. १९९५ साली अमेरिकेत अशा ४२० रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळपास चौघांतल्या एकाला दुखतच नव्हतं! नजर मात्र बहुतेक सगळ्यांची धूसर झाली होती.

म्हणून दुखण्यावर नाही, नजरेवर लक्ष. पहिले दोन-चार दिवस थोडं खुपतं, पाणी येतं, उजेड टोचतो, रंग निळसर वाटतात, ते चालतं. पण रोज कालच्यापेक्षा बरं असायला हवं. रोज सकाळी त्याच जागी उभं राहायचं, दुसरा डोळा तळहाताने झाकायचा आणि भिंतीवरचं कालनिर्णय वाचायचं. काल तारखा दिसल्या आणि आज नुसते चौकोन, तर त्याच दिवशी निघायचं. लाली वाढतेय, पापणी सुजली, चिकट घाण येतेय, डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतायत, ठणका वाढतोय, काळ्या बुबुळाच्या तळाशी पांढरी रेघ साचलीय, यातलं एक जरी असलं तरी थांबायचं नाही. गुलाबपाणी नाही, मध नाही, मेडिकलवाल्याला विचारणं नाही. जिथे ऑपरेशन झालं तिथे आधी फोन, रात्र असली तरी. गाडी नसेल तर १०८ लाव. तिथे डोळ्याच्या पडद्याचे डॉक्टर नसतील तर ते अकोल्याला किंवा संभाजीनगरला पाठवतील. तसं पाठवलं तर "उद्या जाऊ" म्हणायचं नाही.

आणि हो, डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून आंघोळ बंद, चुलीपुढे बसणं बंद, मळणीयंत्राच्या धुळीत तर पाऊलही नको. काळा चष्मा फोटोसाठी दिलेला नाही.

डॉक्टरांनी आज नवा कागद दिलाय, त्यावरच्या वेळा जुन्यापेक्षा वेगळ्या आहेत. जुना फाड, दोन्ही बाटल्या टाकून नव्या आण, वहीचं पान आख. सात दिवसांची रजा मी लिहून देते, घरी जा आणि प्रत्येक थेंब स्वतःच्या हाताने टाक. उद्या सकाळी मायला कालनिर्णय वाचायला लाव. आजच्यापेक्षा कमी दिसलं तर मला फोन करत बसू नकोस, तिला घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.