‘c धन आहे, उघडच’

कागद जवळ घ्या, पण पेन्सिल अजून उचलू नका. अक्षर बारीक आहे, ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, शेवटचा युक्तिवाद समासात वळला आहे. आधी फक्त अक्षर लावा. बरोबर की चूक, हे नंतर.

प्रश्न जुना आहे. १९८८ साली कॅनबेराला झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा सहावा. a, b धन पूर्णांक आहेत आणि a² + b² ला ab + 1 ने निःशेष भाग जातो. तर भागाकार k पूर्ण वर्ग असतो, हे सिद्ध करायचं. त्या वर्षी फक्त ११ विद्यार्थ्यांना त्यात ७ पैकी ७ गुण मिळाले होते. आपल्यासमोर आहे ती सरावासाठी कुणीतरी लिहिलेली सिद्धता.

पहिली ओळ: समजा k वर्ग नाही. हा k देणाऱ्या जोड्यांपैकी a + b सर्वांत लहान असलेली जोडी घेऊ, a ≥ b. इथे थांबा. ते ≥ आहे की >? खालची रेघ कागदाच्या आखणीत मिसळली आहे. > असेल तर a = b ही शक्यता सुटली. ती तपासून पाहू: मग 2a² ला a² + 1 ने भाग जायला हवा, म्हणजे 2 ला जायला हवा, म्हणजे a = 1 आणि k = 1. तो तर वर्गच. चिन्ह कोणतंही असो, सिद्धता इथे मोडत नाही. हे कळल्यावर त्या रेघेकडे डोळे ताणून पाहायची गरज उरत नाही.

दुसरी ओळ: x² − kbx + b² − k = 0 या समीकरणाचं एक मूळ a, दुसरं c. मुळांची बेरीज kb, म्हणून c = kb − a, पूर्णांक. कारण शेजारीच लिहिलं आहे. पुढे जा.

तिसरी ओळ: c < a. कारण दिलेलं नाही. घाई करू नका. हाताशी काय आहे ते आठवा. मुळांचा गुणाकार b² − k आहे, म्हणून c = (b² − k)/a. k धन आहे आणि b ≤ a हे पहिल्या ओळीत आहे, म्हणून b² − k < a². लागणारं सगळं कागदावर आधीच होतं, लिहिणाऱ्याने ते फक्त जुळवून दाखवलं नाही. याला मी गृहीत धरलेलं म्हणणार नाही.

चौथी ओळ: ‘c > 0, उघडच आहे. म्हणून (c, b) ही अधिक लहान जोडी मिळाली, विसंगती.’ इथे श्वास घ्या आणि स्वतःला विचारा: k वर्ग नाही, हे आतापर्यंत कुठे वापरलं? पुन्हा वर जा, एकेक ओळ खाली या. कुठेच नाही. म्हणजे ही सिद्धता जशीच्या तशी मान्य केली, तर वर्ग असलेला k सुद्धा असूच शकत नाही असं ठरेल. पण a = 8, b = 2 घ्या: 68 ला 17 ने भागलं की 4 येतात. अशी जोडी आहे. तिचा c काढा: 4 × 2 − 8 = 0. धन नाही. तेव्हा ‘उघडच’ म्हणून सांगितलेली गोष्ट सर्वसाधारणपणे खोटी आहे. ती खरी ठरते ती k वर्ग नसल्यामुळेच, आणि प्रश्नाचा सगळा भार याच ओळीवर आहे.

आता समासाकडे वळा. तिथे बाण काढून, जेमतेम दिसेल असं लिहिलं आहे: c = 0 ⇒ k = b². हे शोधायला वेळ लागला तरी तो द्यायलाच हवा. अक्षर गिचमिड असलं तरी युक्तिवाद कागदावर आहे, आणि तो बरोबर आहे. शून्याची शक्यता कारणासहित संपली.

ऋण c चं काय? b² पेक्षा k मोठा असता तर c ऋण झाला असता. तसं होत नाही, पण ते दाखवावं लागतं: c² + b² = k(cb + 1); c ऋण असेल तर cb + 1 शून्य किंवा ऋण, आणि डावी बाजू मात्र धन. समास पुन्हा पाहा, पान उलटून मागेही पाहा. हा युक्तिवाद कुठेच नाही. तो तुमच्या डोक्यात पटकन आला, कारण तुम्हाला सिद्धता माहीत आहे. विद्यार्थ्याच्या नावावर तो लिहिता येत नाही.

आता पेन्सिल घ्या. तिसऱ्या ओळीला बरोबरची खूण. समासातल्या बाणालाही. चौथ्या ओळीत ‘उघडच’खाली रेघ मारा आणि शेजारी एवढंच लिहा: c < 0 का नाही? गाभ्याची कल्पना विद्यार्थ्याला सापडली आहे, राहिलं आहे ते दोन ओळींचं काम. गुण थोडेच कापावेत, पण पूर्ण देऊ नयेत, असं मला वाटतं.