उवेचे सोयरे

स्पॅनिश शिकायला लागलो तेव्हा वहीच्या मागच्या पानावर अनियमित भूतकाळाचा तक्ता काढला होता. एकेका क्रियापदाला पुरुष-वचनांचे सहा खण. तेनेर म्हणजे जवळ असणे, त्याचा भूतकाळ तुवे. देसीर म्हणजे सांगणे, त्याचा दिखे. सेर म्हणजे असणे, त्याचा फुई. अशी पंधराएक क्रियापदे गुणिले सहा, म्हणजे नव्वद रूपे पाढ्यांसारखी घोकायची, अशी माझी समजूत होती. बऱ्याच उशिरा लक्षात आले की नव्वदीतली बहुतेक रूपे मला आधीच येत होती.

कोमेर, म्हणजे खाणे, हे अगदी साधे क्रियापद. कोमी, कोमिस्ते, कोमियो, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोमियेरोन. आता तुवेची रांग: तुवे, तुविस्ते, तुवो, तुविमोस, तुविस्तेइस, तुवियेरोन. दोन्ही एकाखाली एक लिहिल्या तर सहापैकी चार शेपट्या हुबेहूब सारख्या निघतात. वेगळे खण दोनच, 'मी' आणि 'तो'. कोमी, कोमियो म्हणताना जोर शेवटावर येतो आणि लिहिताना त्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ पडते. तुवे, तुवो यांत जोर पहिल्या अक्षरावर असतो, म्हणून रेघ नाही. विद्यार्थी चुकतो तो नेमका इथे. बाकीच्या भूतकाळाच्या सवयीने तो तुवेवरही रेघ ओढतो आणि मग वाचतानाही शेवटावर आपटतो.

हा जोर लॅटिनपासून आलेला आहे. 'मी प्रेम केले' याला लॅटिनमध्ये आमावी म्हणत, जोर 'मा'वर. पुढची 'वी' बोलता बोलता झिजली आणि जोर होता तिथेच राहिला, पण आता ती जागा शब्दाचे टोक झाली होती. म्हणून आजचे रूप 'आमे', शेवटावर आघात घेणारे. हाबुई, दिक्सी, फेकी या शब्दांत मात्र जोर मुळातच धातूवर होता. शेपूट झिजली तरी तो हलला नाही. व्याकरणकार या रूपांना बलवान भूतकाळ म्हणतात. मला ती बलवान कमी आणि हट्टी जास्त वाटतात.

पण जुने तेवढे सगळे सरळ वारशाने आलेले नाही, आणि मला खरी गंमत तिथे वाटते. आबेर या क्रियापदाचा भूतकाळ उवे. (मराठी कानाला हा शब्द डोके खाजवायला लावतो, त्याला इलाज नाही, आणि पुढे दिसेल की गुणही त्याने तसाच घेतला आहे.) लॅटिन हाबुईमधला 'उ' उडी मारून आधीच्या 'आ'जवळ गेला, दोघांचा मिळून 'ओ' झाला आणि मध्ययुगीन कास्तीलमध्ये लोक ओवे म्हणू लागले. साबेर, म्हणजे माहीत असणे, याचेही तसेच झाले: सापुईचे सोपे. इथवर सगळे रक्ताचे नाते.

तेनेरचे लॅटिन रूप होते तेनुई. त्यात 'व' कुठेच नाही, म्हणून ध्वनींच्या नियमाने त्यातून तोवे निघूच शकत नाही. तरीही जुन्या कास्तीलियनमध्ये तोवेच दिसते. तेनेर आणि आबेर दोन्ही 'जवळ असणे' या अर्थाच्या वळचणीला राहत होती. शेजाऱ्याचे बघून तेनेरने ओवेचा साचा उचलला. मग एस्तार, म्हणजे असणे किंवा थांबणे. लॅटिन स्तेतीपासून त्याला एस्तिदे हे आपले स्वतःचे रूप मिळाले होते, ते टाकून त्याने एस्तोवे घेतले. मागोमाग चालणे या अर्थाचे आंदारही तिकडेच गेले. शेवटी पुदे, पुसे यांसारख्या 'उ'वाल्या रूपांच्या ओढीने या सगळ्यांचा 'ओ' बदलला आणि आजचे चौघे तयार झाले: उवे, तुवे, एस्तुवे, आंदुवे. यांतले एकच रक्ताचे, बाकी तिघे सोयरे. म्हणजे 'उव' असलेली रूपे एकत्र पाठ करा असे शिकवणारा काही युक्ती सांगत नसतो. कास्तीलच्या शेतकऱ्यांनी आणि खेचरवाल्यांनी नकळत केलेलीच जुळणी तो पुन्हा करत असतो.

बाकीचे कळपही लहान आहेत. पुदे, पुसे, सुपे यांत 'उ'. ईसे, बीने, कीसे यांत 'ई'. कुळ कळले की पोटातली क्रियापदे फुकट मिळतात: तुवे आले की मान्तुवे आले, पुसे आले की सुपुसे आले.

दिखेच्या कुळात मात्र जरा थांबावे लागते. दिखे, त्राखे (आणले), कोंदुखे (गाडी चालवली). यांतला 'ख' पूर्वी 'श'सारखा उच्चारला जाई आणि एक्स या अक्षराने लिहिला जाई. किखोतेला फ्रेंच लोक अजून किशोत म्हणतात, ते त्या जुन्या उच्चारामुळे. 'श' म्हणताना जीभ आधीच टाळूशी असते, तिथे 'य'ला वेगळी जागा उरत नाही. 'श्ये' भरभर म्हणून पाहा, 'शे'च ऐकू येईल. म्हणून 'ते' या खणात दिखियेरोन नाही, दिखेरोन. पुढे 'श'चा 'ख' झाला, पण गिळलेला 'य' परत आला नाही. मात्र 'खच्या पुढे य नाही' असा सरसकट नियम केला तर फसगत होते. विणणे या अर्थाच्या तेखेरचे तेखियेरोनच होते. ओळखायची खूण अशी: 'ख' मूळ क्रियापदातच असेल तर 'य' राहतो, 'ख' फक्त भूतकाळात उगवला असेल तर 'य' जातो.

फुई कुठल्याच कुळात बसत नाही. त्याची तऱ्हा अशी की असणे आणि जाणे, दोघांचा भूतकाळ तोच. लॅटिनमध्ये तो असण्याचाच होता. जाण्याचे जुने रूप, ईई, इतके किरकोळ उरले होते की त्याची जागा फुईने घेतली. मराठी माणसाने यावर फार आश्चर्य करू नये. आपण 'जा'चा भूतकाळ 'गेला' करतो: 'जा' संस्कृत 'या'पासून, 'गेला' गम्-च्या 'गत'पासून. 'हो' भू धातूचा, पण 'झाला' जन्-च्या 'जात'चा, म्हणजे मुळात 'जन्मला'. स्पॅनिशमध्ये अर्थ पुढच्या शब्दावरून कळतो. 'फुई आ मादरीद' यात 'आ' दिशा दाखवतो, म्हणजे गेलो. 'फुई माएस्त्रो' म्हणजे शिक्षक होतो. जुनी पुस्तके वाचणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की 1959 पूर्वीच्या छपाईत फुई आणि फुए यांवर तिरकी रेघ भेटते. ती तेव्हाची रीत, छापखान्याची चूक नव्हे. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. तिथेही फुई हा असा दोन्ही घरचा पाहुणा आहे.

माझ्या पहिल्या चाचणीत 'आम्ही खूप चाललो' याचे भाषांतर होते. मी आंदामोस लिहिले, बाईंनी त्यावर लाल रेघ मारून आंदुविमोस केले. पुढे मादरीदमध्ये एक आजोबा मला कालचा फेरफटका सांगत होते. त्यांनी सरळ 'आंदे' म्हटले आणि बोलत राहिले. ही चूक स्पेनमध्ये मोठी माणसेही सर्रास करतात. व्याकरणाची पुस्तके ती मान्य करत नाहीत. आंदार या सोयऱ्यांत उशिरा आले होते, आणि निघायच्या तयारीतही तेच पहिले दिसते.