अभ्यासिकेची किल्ली

निरोप समारंभाच्या आदल्या संध्याकाळी अभ्यासिकेत आम्ही दोघंच उरलो होतो. ग्रंथालयातले काका खिडक्या लावत होते आणि मी त्यांना उद्याचं भाषण वाचून दाखवत होते. एका वाक्याशी त्यांनी मला थांबवलं.

"'आम्ही अभ्यासिकेची वेळ ५ वरून साडेसातपर्यंत वाढवून घेतली.' असंच बोलणार?"

"तेच मनात सलतंय, काका. आमच्या अर्जावर आवक क्रमांक पडला, पोच मिळाली, पुढे काहीच झालं नाही. परीक्षेच्या दिवसांत ड्यूटी संपल्यावर किल्ली घेऊन थांबलात ते तुम्ही. मला तुमचं नाव घ्यायचंय."

"आणि समोर प्राचार्य बसलेले. परवानगी कुणाची होती, असं विचारतील. नियमाने ते बरोबरच आहे. काही बिघडलं असतं तर मी काय दाखवणार होतो? आभार मानून तुला हलकं वाटेल गं, चौकशी मात्र माझी होईल."

मी गप्प झाले. आभार कुणासाठी मानायचे असतात, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

"पण नाव गाळलं तर पोरांना वाटेल, अर्ज दिला की काम होतं. नवा सचिव तेच करेल आणि त्याचंही वर्ष जाईल. शिवाय तुमचं श्रेय माझ्या नावावर."

"नाव न घेणं वेगळं आणि 'आम्ही केलं' म्हणणं वेगळं. पहिलं मी मागतोय. दुसरं कुणी मागितलंय?"

मी ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते मला ठाऊक होतं, फक्त लिहायला जड जात होतं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात आणि समितीच्या वर्षाला किमान चार बैठका व्हायला हव्यात. अभ्यासिकेचा विषय तिथे मांडून इतिवृत्तात नोंदवून घेता आला असता. मी बैठकीत बसले, पण एवढ्या मोठ्या माणसांसमोर तोंड उघडलं नाही. अर्ज देणं सोपं होतं. मी लिहिलं : 'वेळ वाढवण्याचा निर्णय अजून झालेला नाही. मी समितीत तो विषय काढला नाही, ही माझी चूक. पहिल्याच बैठकीत तो काढा.'

काकांनी दोनदा वाचलं. "मग इतके दिवस पोरं साडेसातपर्यंत कशी बसत होती, असं कुणी उठून विचारलं तर?"

"तर मी खोटं बोलणार नाही, काका. आणि तुमचं नावही सांगणार नाही."

"तेव्हा जमेल?"

"माहीत नाही."

त्यांनी दिवे घालवले, कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. "अर्जाची फाइल तू दे नव्या पोराला," ते म्हणाले. "किल्लीचं मीच सांगेन त्याला, समोर बसवून."