शिंपीकाकांचा प्रश्न

मुलांनो, आज तुमचा निरोपाचा दिवस. एक गोष्ट सांगते.

बिडकीनला पैठण रस्त्याच्या कडेला एक म्हातारे शिंपीकाका होते. एकदा दहावीतली एक मुलगी निरोप समारंभाचा नवा ब्लाउज घेऊन त्यांच्याकडे आली. म्हणाली, "काका, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घ्या. मोबाइलवर सगळ्यांचा असाच घट्ट दिसतो."

काकांनी विचारलं, "त्या दिवशी तू करणार काय?"

"भाषण करणार, नाचणार, मग पंगतीत जेवणार."

"मग आधी घालून ये. हात वर कर. आता मांडी घालून बस. आता लांब श्वास घे."

हात वर केला तसा मुंढा काचला. बसल्यावर श्वास अर्ध्यावरच अडला. काकांनी टीप आत घेतली नाही. उलट उसवली, आतली माया सोडली आणि पुन्हा शिवण मारली.

मग त्यांनी तिने सोबत आणलेली साडी हातात घेतली. चमकणारी, जाळीची. कडेचा एक सुटा धागा ओढून काडी लावली. धागा वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. शेजारच्या सुती चिंधीचा धागा मात्र कागदासारखा जळून राख झाला. "ही पॉलिस्टरची. पावसात भिजली तर पटकन वाळेल, तेव्हा बरी. पण उन्हात, मांडवाखाली ही घाम पिणार नाही." काकांचं बरोबर होतं. सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा सहज धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही.

मुलगी हिरमुसून घरी गेली. दोन दिवसांनी तिने आईची निळी सुती साडी काढली. त्या दिवशी घालायच्या चपला पायात ठेवूनच निऱ्यांची उंची बेतली आणि अंगणात चालून पाहिलं.

समारंभात तिच्या मैत्रिणीची साडी जास्त उठून दिसत होती, हे खरंच. पण मैत्रिणीचा एक हात सारखा खांद्यावरच्या पिनेकडे जात होता. बोलता बोलता ती पदर सावरायला थांबली आणि पुढचं वाक्य हरवलं. आपल्या मुलीने माईक हातात घेतला, समोर पाहिलं आणि मनातलं सगळं बोलली. नंतर पंगतीत दुसऱ्यांदा भातही मागून घेतला.

मुलांनो, अंगावरचा कपडा लक्ष मागत नाही, तेव्हा ते लक्ष आपल्या बोलण्याला आणि समोरच्या माणसाला मिळतं. लोक ज्याला आत्मविश्वास म्हणतात, त्यातला बराचसा भाग मला तरी हाच वाटतो.

आता कॉलेजात जाल. पैठण गेटला कपडे घ्यायला गेलात, तर दुकानातच हात वर करून पाहा, खाली बसून पाहा, श्वास भरून पाहा. आणि उलट बाजूने शिलाईत माया किती ठेवली आहे, तेही बघा. तुमची उंची अजून वाढायची आहे.