कालच्या आकड्याला हात लावण्याआधी

जाहिरातींतून रोज सरासरी ३६ ऑर्डरी मिळवणारं एक ऑनलाइन दुकान समजा. काल २७च आल्या. अहवालात लाल अक्षरांत ‘२५ टक्के घट’ दिसते आणि दुपारपर्यंत कुणीतरी बोली बदलतं, चांगली चाललेली जाहिरात थांबवतं. असे बहुतेक बदल अनाठायी असतात, असं माझं ठाम मत आहे.

रोजच्या चढउतारातून खरा बदल वेगळा काढण्याची रीत जुनी आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४मध्ये कारखान्यातल्या तपासणीसाठी नियंत्रण आलेख मांडला. तो जाहिरातींनाही लागू पडतो. काहीही न बदललेल्या चार-पाच आठवड्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या. सरासरी ३६. मग प्रत्येक दिवसाचा आदल्या दिवसाशी फरक काढायचा, अधिक-उणे चिन्ह सोडून. या फरकांची सरासरी ८ आली, तर तिला २.६६ने गुणून साधारण २१ मिळतात. म्हणजे पट्टा १५ ते ५७. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन प्रमाण विचलनांचं हे अंतर आहे. कालचे २७ त्यात आरामात बसतात.

थेट सगळ्या दिवसांचं प्रमाण विचलन का काढायचं नाही? कारण त्या काळातच पातळी हळूहळू सरकली असेल, तर तेही फुगतं आणि पट्टा इतका रुंद होतो की काहीच पकडलं जात नाही. शेजारच्या दिवसांमधल्या फरकावर अशा सरकण्याचा परिणाम फार थोडा होतो. रविवार नेहमीच वेगळा जात असेल, तर रविवारांची तुलना रविवारांशीच हवी.

पट्ट्याबाहेर न जाताही बदल दिसू शकतो. सलग आठ दिवस ऑर्डरी ३६च्या खालीच राहिल्या, तर निव्वळ योगायोगाने तसं घडण्याची शक्यता सुमारे २५६त एक असते. मग लँडिंग पेज, पेमेंट आणि ऑर्डर मोजणारा टॅग तपासावा. मात्र एक सापळा आहे. आज केलेल्या क्लिकची ऑर्डर तीन दिवसांनी आली, तरी गूगल अ‍ॅड्सच्या नेहमीच्या रकान्यात ती क्लिकच्या तारखेलाच जमा होते. त्यामुळे शेवटचे काही दिवस कायम खचलेले दिसतात. ते या मोजणीत धरू नयेत.

रोज चारच ऑर्डरी असतील, तर पट्ट्याची खालची कड शून्याच्याही खाली जाते आणि एकही ऑर्डर न आलेला दिवस काहीच सांगत नाही. तिथे आठवड्याची बेरीज मांडावी.

आणि पट्टा रोज नव्याने काढू नका. बदलाचं कारण सापडलं आणि नवी पातळी स्थिरावली, की मगच तो पुन्हा मांडा.